तीन कॅन आणि एक काजूचं पाकीट: मिनीबारच्या बिलावरचा एक वाद, वाक्यागणिक

ताडोबाच्या मोहर्ली गेटजवळ एका रिसॉर्टचं फ्रंट ऑफिस मी सांभाळते. आमच्याकडे सोमवारचा चेकआउट सगळ्यात अवघड असतो. मंगळवारी जंगल बंद, म्हणून शनिवार-रविवार धरून आलेली बहुतेक कुटुंबं सोमवारी सकाळची सफारी करतात आणि लगेच निघतात. दहाच्या सुमारास जिप्सी परत येतात, सगळे धुळीनं माखलेले असतात, नाश्ता उरकायचा असतो, सामान बांधायचं असतं. साडेदहा ते साडेअकरा या तासाभरात आठ-दहा खोल्यांची माणसं एकाच काउंटरवर येतात. हे प्रकरण अशाच एका सोमवारचं आहे.

अकोल्याकडचं कुटुंब होतं. नवरा-बायको, आठ-नऊ वर्षांचा मुलगा आणि नवऱ्याची आई. दोन रात्री राहिले. खोलीचे आणि सफारीचे पैसे आधीच भरलेले होते, जेवण पॅकेजमध्येच होतं. म्हणजे निघताना त्यांच्या मनानं देणं काहीच नव्हतं. काउंटरवर त्यांच्यासमोर बिल आलं पाचशे चाळीस रुपयांचं, आणि ते सगळं मिनीबारचं, म्हणजे खोलीतल्या फ्रिजमधल्या विकतच्या वस्तूंचं. कोल्ड्रिंकचे तीन कॅन, प्रत्येकी ऐंशी. काजूचं एक पाकीट, एकशे ऐंशी. एक चॉकलेट, एकशे वीस.

रक्कम लहान आहे, हे इथंच नोंदवून ठेवते. आमच्या फ्रिजमध्ये दारू ठेवत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात 2015 ते 2021 दारूबंदी होती, तेव्हा लागलेली सवय बंदी उठल्यावरही आम्ही तशीच ठेवली. त्यामुळे आमच्याकडे मिनीबारवरून भांडण झालं तरी ते क्वचितच हजाराच्या वर जातं. पण ज्या माणसाला काहीच देणं नाही असं वाटत होतं, त्याला पाचशे चाळीस हा आकडा पैशांचा वाटत नाही. आपण खाल्लेलं लपवतोय असं कुणीतरी म्हणतंय, असं त्याला वाटतं.

पहिलं मिनिट

काउंटरवर आमचा पोरगा होता. भद्रावतीकडचा, कामाला चोख, बोलायला नम्र. त्यानं बिल पुढे सरकवलं. पाहुण्यांनी वाचलं आणि म्हणाले, "हे काय आहे जी? आम्ही तर फ्रिजमधलं काही घेतलंच नाही."

पोरगा म्हणाला, "सर, तुम्ही नक्की घेतलं नाही का? एकदा घरच्यांना विचारून पाहता का?"

"काहून विचारू? आमच्या घरी कोणी हे थंडं पेत नाही. अन् तीन तीन डबे?"

"सर, हाउसकीपिंगनं सकाळी चेक केलं आहे. सिस्टममध्ये आलंय."

"म्हणजे तुमचं सिस्टम खरं अन् आम्ही खोटे?"

मी मागच्या टेबलावरून ऐकत होते. पोरानं एकही उद्धट शब्द वापरला नव्हता. आवाज खाली होता, "सर" होतं, सगळं होतं. तरी चार वाक्यांत पाहुणा आरोपीच्या पिंजऱ्यात जाऊन उभा राहिला. तिथं त्याला ढकललं ते पहिल्याच वाक्यातल्या "नक्की" या शब्दानं. "तुम्ही घेतलं नाही का" हा प्रश्न वरवर माहिती विचारणारा दिसतो, पण पाहुण्यानं आधीच सांगितलेलं असतं की घेतलं नाही. एकदा सांगितल्यावर तेच पुन्हा विचारणं म्हणजे पहिलं उत्तर मान्य नाही असं सांगणं. त्यापुढे "घरच्यांना विचारा" म्हटल्यावर अख्खं घर संशयात आलं, आणि तेही बायको, आई आणि रांगेतल्या इतर पाहुण्यांच्या देखत. "सिस्टममध्ये आलंय" हे तर सगळ्यात वाईट. सिस्टममध्ये ते आपोआप येत नाही. आमच्यापैकीच कुणीतरी एका कागदावर तीन लिहिलं, दुसऱ्यानं तो आकडा टाइप केला. मोठ्या शहरांतल्या काही हॉटेलांत वस्तू उचलली की आपोआप बिलात चढवणारे फ्रिज असतात, आमच्याकडे साधा फ्रिज आणि एक वही आहे. वहीतला आकडा चुकू शकतो. पाहुण्यापुढे त्याला साक्षीदार म्हणून उभं करायचं नसतं.

जागा आणि पहिलं वाक्य

मी उठून काउंटरच्या बाहेर आले. आतून बोलले असते तर मध्ये लाकडाची फळी राहिली असती आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू गेलं असतं. आजी उभ्या होत्या. आधी त्यांच्याकडे वळले, "मावशी, इकडे पंख्याखाली बसा. या जी." त्या बसल्या तसं सगळं कुटुंब काउंटरपासून दहा पावलं लांब आलं. यात काही युक्ती नाही, म्हाताऱ्या माणसाला उभं ठेवायचं नसतंच. पण रांगेसमोरचं बोलणं बंद झालं, हाही फायदा झाला.

मग त्यांना म्हणाले, "दादा, हे आकडे आमचे आहेत, ते तपासायचं कामही आमचं. मला पाच मिनिटं द्या. ज्याचा मेळ मला लागणार नाही, ते बिलात राहणार नाही."

हे वाक्य मी अनेक वर्षं घासून घासून इथपर्यंत आणलं आहे, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

पहिला भाग, "हे आकडे आमचे आहेत". यानं सिद्ध करायचं ओझं पाहुण्याच्या डोक्यावरून उतरतं. त्याला काहीच सिद्ध करायचं नाही. दुसरा, "पाच मिनिटं". मुदत सांगितली नाही तर लांबचा रस्ता असलेल्या माणसाला वाटतं की आता इथं किती वेळ अडकणार कोण जाणे. आणि पाच म्हटलं की पाचच. पाचवं मिनिट संपलं की परत जाऊन काहीतरी सांगायचं, मग ते "अजून दोन मिनिटं" असलं तरी चालेल. तिसरा भाग सगळ्यात महत्त्वाचा. तपासाचा शेवट काय होणार, हे आधीच सांगून टाकलं. मेळ लागला नाही तर पैसे जाणार आहेत आमचे, त्यांचे नाही. एकदा हे कळलं की पाहुणा लढायचं थांबतो आणि आठवायला लागतो. नंतरचा सगळा उलगडा त्या आठवण्यातूनच होतो.

इथं मी एक वाक्य मुद्दाम वापरत नाही, ते म्हणजे "दादा, तुमच्यावर विश्वास आहे हो". पूर्वी मी ते सर्रास म्हणायचे. मग लक्षात आलं की ते ऐकून माणूस खूश होत नाही, उलट थोडा ताठर होतो. विश्वासाचा प्रश्न त्यानं काढलेलाच नसतो, तो आपण काढतो. "विश्वास आहे" म्हटलं की तो नसण्याची शक्यताही टेबलावर येते. त्यापेक्षा आकड्यांबद्दल बोलावं, माणसाबद्दल बोलूच नये.

कोणता प्रश्न विचारायचा

पाच मिनिटं मागितली तरी नुसतं आत जाऊन वही बघण्यात अर्थ नव्हता. वहीत तीन कॅन कमी असंच लिहिलेलं असणार. मिनीबारचा हिशोब चुकण्याची कारणं तशी थोडीच असतात. आधीच्या पाहुण्यानं घेतलेलं नंतर भरायचं राहून जातं. शेजारच्या खोलीचं बिल या खोलीवर चढतं. रोजच्या फुकटच्या पाण्याच्या बाटल्या आणि फ्रिजमधल्या विकतच्या बाटल्या यांत घोटाळा होतो. आणि आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा होणारं म्हणजे पाहुणा आपलं काहीतरी ठेवण्यासाठी फ्रिजमधल्या वस्तू बाहेर काढून ठेवतो. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. अशा वेळी फ्रिज म्हणजे लोकांना दुकान वाटत नाही, गार कपाट वाटतं. बाळाचं दूध, घरून आणलेलं दही, औषधं, सगळं तिथं जातं.

म्हणून मी विचारलं, "फ्रिजमध्ये तुमचं काही ठेवलं होतं का दादा?"

"तुम्ही फ्रिजमधलं घेतलं का" आणि "फ्रिजमध्ये तुमचं काही ठेवलं होतं का", या दोन प्रश्नांत विषय तोच आहे. पण पहिल्याला "हो" म्हटलं तर खिशातून पैसे जातात आणि आधीचं बोलणं खोटं ठरतं. दुसऱ्याला "हो" म्हणायला काहीच पडत नाही. माणूस मोकळेपणानं उत्तर देतो.

ते म्हणाले, "हो ना, आईचं इन्सुलिन होतं. तेवढ्यासाठीच उघडला फ्रिज."

पंख्याखालून आजी बोलल्या, "मीच काढले बाई ते डबे. डब्बीला जागा नव्हती. खालच्या खणात ठेवले."

एवढं ऐकलं की कुणाचाही जीव भांड्यात पडेल. पण इथं एक लहानसा खड्डा आहे आणि मी त्यात पूर्वी पडलेली आहे. आजींचा मुलगा लगेच आईकडे वळून म्हणाला, "सांगायचं ना मग आई." म्हणजे वाद आमच्याकडून उठून त्यांच्या घरात गेला. अशा वेळी आपण सुटलो म्हणून गप्प बसलो, तर घरी जाताना गाडीत आजींना बोलणी बसतात आणि त्या सगळ्या आठवणीला आमच्या रिसॉर्टचं नाव चिकटतं. मी म्हणाले, "मावशींनी बरोबरच केलं. औषध गार राहायलाच पाहिजे. फ्रिजमध्ये जागा करून द्यायचं काम आमचं होतं, तुम्ही आलात त्याच दिवशी आम्ही विचारायला हवं होतं." हे मी समजूत घालायला म्हटलं नाही, ते खरंच होतं. आम्ही विचारलं नव्हतं.

फोनवर काय बोलले

खोलीत आमच्या हाउसकीपिंगच्या ताई होत्या. जवळच्याच गावच्या, बरीच वर्षं इथं काम करतात. मी त्यांना काउंटरवर बोलावलं नाही. काही ठिकाणी पाहुण्यासमोरच विचारतात, "काय गं, तीनच होते ना नक्की?" यात कुणीच जिंकत नाही. ताई ठाम राहिल्या तर पाहुणा खोटा पडतो, डगमगल्या तर त्यांची नोकरी धोक्यात आल्यासारखं दिसतं. आणि आपल्या पाचशे रुपयांसाठी एका बाईला सगळ्यांसमोर उभं केलं, हे पाहुण्याला स्वतःलाच नकोसं होतं.

फोनवर मी एवढंच म्हणाले, "ताई, कपाटाच्या खालच्या खणात बघा बरं, मावशींनी तीन डबे काढून ठेवलेत." म्हणजे काय झालं ते सांगितलं, कुणाची चूक ते नाही. डबे होते. चादरीच्या घडीमागे सरकले होते, म्हणून सकाळी दिसले नव्हते. ताईंची तपासणी सकाळी साडेसहाला, पाहुणे सफारीला गेल्यावर झाली होती. जंगलाजवळच्या रिसॉर्टची ही एक सोय आहे, खोली चार तास रिकामी मिळते आणि बिल आधीच तयार ठेवता येतं.

फोनवरच ताईंनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. चॉकलेटचं म्हणाल तर तीन दिवसांपासून स्टोअरमध्ये चॉकलेटच नाही, या खोलीत ते ठेवलंच नव्हतं. वहीत मात्र छापील यादीप्रमाणे एक धरलं गेलं होतं. ती चूक सरळ सरळ आमची. आणि काजूचं म्हणाल तर रिकामं पाकीट खोलीतल्या कचऱ्याच्या डब्यात आहे.

काजूचं पाकीट

आता खरं अवघड काम उरलं होतं. माझ्याकडे पुरावा होता आणि समोरच्या माणसानं पाच मिनिटांपूर्वी सगळ्यांसमोर "काहीच घेतलं नाही" असं म्हटलेलं होतं. तो खोटं बोलत नव्हता, हे मला दिसत होतं. त्याला माहीत नव्हतं एवढंच. पण "दादा, रिकामं पाकीट तुमच्या डस्टबिनमध्ये सापडलं" असं म्हटलं असतं तर काय झालं असतं? पैसे मिळाले असते. त्याचबरोबर आम्ही त्यांचा कचरा तपासला, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात कायमची बसली असती. पुरावा हातात असला तरी तो काउंटरवर मांडायचा नाही, हे मी नव्या पोरांना सगळ्यात आधी शिकवते आणि त्यांना ते सगळ्यात उशिरा पटतं.

मी परत येऊन म्हणाले, "दादा, तिन्ही डबे जागेवर मिळाले, दोनशे चाळीस काढले. चॉकलेट तर आम्ही ठेवलंच नव्हतं, ते चुकून चढलं. एकशे वीस तेही काढले. आता फक्त काजूचं एक पाकीट उरतं, एकशे ऐंशीचं. लहानमोठ्यांपैकी कुणी उघडलं असेल तर ठेवते, नाही तर तेही काढते. तुम्ही सांगाल तसं."

क्रम असाच का, ते सांगते. आधी आमच्या चुका, आकड्यासह, कुणी विचारण्याआधी. तीनशे साठ रुपये आमच्या तोंडून कमी झालेले ऐकल्यावर उरलेल्या एकशे ऐंशीकडे माणूस वेगळ्या नजरेनं बघतो. समजा मी काजूपासून सुरुवात केली असती, तर नंतरचे तीनशे साठ म्हणजे घासाघीस करून मिळालेली सूट वाटली असती. "लहानमोठ्यांपैकी कुणी" यात मुलाचं नाव नाही, कुणाकडे बघणंही नाही. मी हे वाक्य बोलताना हातातल्या कागदाकडे बघत होते, मुलाकडे नाही. "उघडलं असेल" म्हटलं, "खाल्लं असेल" नाही, कारण घरच्या माणसांसमोर "खाल्लं" हा शब्द थोडा लागतो. शेवटी निर्णय त्यांच्याकडे दिला आणि तो खरोखरच दिला. ते "काढा" म्हणाले असते तर मी त्याच सेकंदाला काढलं असतं, चेहऱ्यावर काही न आणता. हे मनात पक्कं नसेल तर "तुम्ही सांगाल तसं" म्हणू नये. समोरच्याला ते कळतं.

मुलगा आईच्या मागे गेला होता. म्हणाला, "मी खाल्ले. आजीला पण दिले."

आजी म्हणाल्या, "होय जी, मलेही दिले चार."

वडील हसले. बायकोही हसली. त्यांनी पाकिटात हात घातला आणि दोनशेची नोट काढली. आमच्या पोरानं मागून मला खूण केली, राहू दे म्हणावं का? मी मान हलवून नाही म्हटलं. याबद्दल माझ्या सहकाऱ्यांत मतभेद आहेत. काहींचं म्हणणं असं की एवढं झाल्यावर एकशे ऐंशी सोडायला हवे होते. मला तसं वाटत नाही. माणसानं मनापासून पैसे काढले असताना ते परत ढकलले तर त्याच्यावर उपकाराचं ओझं येतं, आणि आत्ताच सरळ झालेला हिशोब पुन्हा वाकडा होतो. मी वीस रुपये परत दिले आणि पावती दिली.

गाडीत बसताना मात्र एक गोष्ट केली. स्वयंपाकघरातून बर्फ आणून तो पिशवीत बांधला, पिशवी जाड टॉवेलमध्ये गुंडाळली आणि इन्सुलिनच्या डब्याशेजारी ठेवायला दिली. बर्फाला डबा थेट टेकू देऊ नका, गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही, हेही सांगितलं. त्यांना त्या रस्त्यावर जी गोष्ट खरंच हवी होती ती ही होती. फुकट दिलेल्या काजूंपेक्षा ती जास्त लक्षात राहते.

"सोडून देतो" का म्हणू नये

या प्रकरणात गरज पडली नाही, पण निम्म्या वेळा मेळ लागतच नाही. वस्तू कुठे गेली ते कळत नाही आणि रक्कम काढावी लागते. ती काढताना आपण जे क्रियापद वापरतो त्यावर पाहुणा परत येतो की नाही ते ठरतं, असं म्हटलं तरी चालेल.

"ठीक आहे सर, सोडून देतो." "चला, माफ करतो." "तुम्ही म्हणताय तर काढतो." "ॲडजस्ट करून देतो." ही चारही वाक्यं आमच्या काउंटरवर मी ऐकली आहेत, आणि चारही वाक्यांत पैसे जाऊनही माणूस दुखावतो. माफ गुन्हा करतात. सोडून पकडलेल्याला देतात. "तुम्ही म्हणताय तर" याचा अर्थ मला पटलेलं नाही, असाच होतो. "ॲडजस्ट" म्हणजे आपल्या दोघांत काहीतरी गुपचूप ठरतंय.

त्याऐवजी, "हे बिलात यायला नको होतं, मी काढलं." एवढंच. "काढते" नाही, "काढलं". बोलण्याआधी ते खरंच काढायचं आणि मग नवा कागद हातात द्यायचा. जुना कागद पाहुण्यासमोर फाडायचा नाही, तो आपल्या हिशोबाला लागतो. वर "पुन्हा असं होणार नाही" हे मी सहसा म्हणत नाही, कारण वहीत माणसं लिहितात आणि पुन्हा होऊ शकतं.

हे सगळं चटकन जमायला काउंटरवरच्या माणसाच्या हातात अधिकार लागतो. आमच्याकडे एका बिलामागे पाचशे रुपयांपर्यंत मिनीबारची रक्कम काउंटरवरचा कुणीही, कुणाला न विचारता काढू शकतो. फक्त कारण एका ओळीत लिहायचं. वरच्या माणसाला विचारायला आत जावं लागलं की पाहुण्याला दिसतं की आत त्याच्याबद्दल बोलणं चाललंय. बिल बंद होण्याआधी काढलं तर नुसती नोंद दुरुस्त करून भागतं. बिल छापून पैसे घेऊन झाल्यावर मात्र जीएसटीच्या हिशोबासाठी क्रेडिट नोट काढावी लागते, त्याला वेळ लागतो. म्हणून पाहुणा कागद वाचत असताना त्याला घाई करू नये, नोटा आधी हातात घेऊ नयेत. पाहुणा निघून गेल्यावर एखादी वस्तू कमी सापडली, तर तिच्यासाठी आम्ही फोन करत नाही.

एक वेगळाच वाद कधीकधी यात मिसळतो, किमतीचा. "बाहेर टपरीवर चाळीसला मिळतं, तुम्ही ऐंशी कसे लावता? एमआरपी वाचता येत नाही का?" कायद्यानं हॉटेल एमआरपीपेक्षा जास्त घेऊ शकतं, सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2017 मध्ये तसा निकाल दिला आहे. पण काउंटरवर निकाल वाचून दाखवणारा माणूस खटला जिंकतो आणि पाहुणा गमावतो. मी म्हणते, "बरोबर आहे काका, बाहेर चाळीसलाच मिळतं. आमचा दर फ्रिजवरच्या कार्डावर आहे. तुम्हाला तो घ्यायच्या आधी दिसला होता का?" दिसला होता तर बहुतेक जण पैसे देतात. दिसला नव्हता तर मी बाहेरच्या दरानं लावते आणि त्याच दुपारी खोलीतलं कार्ड कुठं आहे ते जाऊन बघते. दोनदा ते फ्रिजच्या मागे पडलेलं सापडलं आहे.

नंतर काय बदललं

त्या दुपारी ताई माझ्याकडे आल्या. दारातच उभ्या राहिल्या. "मॅडम, ते चॉकलेटचे पैसे माझ्या पगारातून जातील का?"

मला वाईट वाटलं, कारण हा प्रश्न त्यांना पडला याचा अर्थ कुठंतरी, कधीतरी तसं झालेलं होतं. ज्या हॉटेलात कमी सापडलेली वस्तू खोली झाडणाऱ्या माणसाच्या पगारातून कापतात, तिथं तो माणूस शंका असली तरी "पाहुण्यानं घेतलं" असंच लिहिणार. मग काउंटरवर कितीही गोड बोला, आकडा मुळातच भीतीनं लिहिलेला असतो. मी त्यांना सांगितलं की जाणार नाहीत, आणि वही बदलली. आता छापील यादीऐवजी पाहुणा येण्याआधी खोलीत खरंच काय ठेवलं ते ताई स्वतःच्या हातानं लिहितात. "कमी" या रकान्याशेजारी "सापडलं नाही, खण पाहिला" असा एक रकाना आहे. खण, कपाट आणि पलंगाशेजारचं टेबल पाहिल्याशिवाय कमी लिहायचं नाही.

पाहुणा येतो त्या दिवशी चावी देताना एक वाक्य वाढवलं. "औषध किंवा बाळाचं काही गार ठेवायचं असेल तर सांगा, फ्रिज रिकामा करून देतो." इन्सुलिन असेल तर ते आम्ही स्वयंपाकघरातल्या मोठ्या फ्रिजमध्ये, नाव लिहून वेगळ्या डब्यात ठेवायला सुचवतो. खोलीतले हे छोटे फ्रिज भर उन्हाळ्यात हवे तितके गार होत नाहीत. आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी, जेवणानंतर, "उद्या सफारीहून आल्यावर तुमची घाई होईल, आतापर्यंतचं बिल आज बघून ठेवता का?" असं विचारतो. रात्री निवांत बसून वाचलेल्या बिलावर भांडण होत नाही. एखादी चूक असली तर पाहुणाच सांगतो, "अहो, हे पाणी आमचं नाही," आणि आपण तिथंच काढतो.

पुढच्या सोमवारी मी मागच्या टेबलावरच होते. दोन पाण्याच्या बाटल्यांवरून नागपूरचे एक गृहस्थ थांबले होते. आमचा पोरगा काउंटरच्या बाहेर आला, त्यांच्या शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊ, हा हिशोब आमचा आहे, मीच पाहतो. दोन मिनिटं बसा जी." माझं वाक्य त्यानं तसंच्या तसं घेतलं नव्हतं, आपल्या तोंडाला बसेल असं करून घेतलं होतं. मी उठले नाही.